चार रांगांचे चार काळोख

तो फोटो पहिल्यांदा मोठा छापून आणला तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. कड्याच्या टोकावरून घेतलेला, सकाळी साडेआठच्या सुमाराचा. समोर एकामागे एक चार डोंगररांगा आणि चौथीच्या माथ्यावर बर्फ. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल मात्र निराश करणारी होती. जवळची रांग सोडली तर बाकी सगळं ताकात बुडवल्यासारखं दिसत होतं. मग मी फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धूसरपणा काढणारा डीहेझचा स्लायडर 60 वर नेला, तपशील ठसठशीत करणारी क्लॅरिटी 40 वर नेली आणि तिसरी रांग मला विशेष आवडत होती म्हणून तिच्यावर ब्रशने आणखी थोडा डीहेझ घासला. सगळं दिसायला लागलं. झाडं दिसली, घळी दिसल्या, जे त्या दिवशी डोळ्यांनाही दिसलं नव्हतं ते दिसलं.

त्या दिवशी जो मित्र माझ्या शेजारी उभा होता, त्याला तो प्रिंट दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि तिसऱ्या रांगेवर बोट ठेवलं.

"अरे, ही एवढी जवळ होती? तिथवर जायचं म्हटलं असतं तर वाटेत एक मुक्काम पडला असता. तुझ्या फोटोत मी दुपारच्या जेवणाला पोचतो."

मी लगेच बचावाला सरसावलो. क्लॅरिटी जरा जास्त झाली असेल, कडा करकरीत झाल्या असतील, कमी करतो, असं काहीबाही बोललो. त्याची तक्रार तशी नव्हतीच. फोटो कुरकुरीत, म्हणजे सॉफ्टवेअरने अति करकरीत केलेला झालाय, असं तो म्हणालाच नाही. अंतर चुकलंय, असं म्हणत होता. घरी आल्यावर पुष्कळ वेळाने लक्षात आलं की आपण ज्याला कुरकुरीतपणा म्हणतो, त्याचा निम्मा भाग खरं तर हाच असतो. कडांचा करकरीतपणा डोळ्याला टोचतो, पण चित्र खोटं वाटतं ते अंतर मोडल्यामुळे.

धूसरपणा म्हणजे डोंगरावर टाकलेला एक सपाट पांढरा पडदा, असं मी तोवर धरून चाललो होतो. पडदा ओढला की मागचं दिसेल, इतका साधा हिशोब. प्रत्यक्षात मधल्या हवेत एकाच वेळी दोन गोष्टी घडत असतात. डोंगराकडून निघालेला प्रकाश वाटेत विखरून कमी होतो, आणि त्याच वाटेवरची हवा सूर्याचा आणि आकाशाचा प्रकाश आपल्या दिशेने फेकून त्यात स्वतःची भर घालते. हाराल्ड कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने 1924 मध्ये दृश्यमानतेचा जो सिद्धांत मांडला, त्यातून आलेलं समीकरण धूसरपणा काढणारी साधनं आजही वापरतात:

```
I = J·t + A·(1 − t)
t = e^(−β·d)
```

I म्हणजे कॅमेऱ्याला मिळालेला प्रकाश, J म्हणजे डोंगराचा स्वतःचा, A म्हणजे हवेचा उजेड, β म्हणजे हवेच्या धूसरपणाचं माप. t म्हणजे डोंगराच्या प्रकाशातला किती हिस्सा आपल्यापर्यंत पोचला, आणि तो d या अंतराबरोबर झपाट्याने घटतो. गणित नको असेल तर एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरे: पडदा एक नसतो, प्रत्येक रांगेचा वेगळा असतो.

मी नकाशा काढून अंतरं मोजली. पहिली रांग साधारण 2 किलोमीटरवर, दुसरी 8, तिसरी 20 आणि बर्फाचं शिखर 40. त्या सकाळची दृश्यमानता 80 किलोमीटर धरली तर t अनुक्रमे 0.9, 0.68, 0.38 आणि 0.14 येतो. म्हणजे पहिल्या रांगेचा जवळजवळ सगळा प्रकाश पोचलाय आणि शिखराचा सातवा हिस्सा. गेलेला कॉन्ट्रास्ट पूर्ण परत आणायचा तर पहिल्या रांगेत जेमतेम 1.1 पट ताण द्यावा लागेल आणि शिखरावर 7 पट. एकच स्लायडर सगळ्या चित्रावर फिरवून हे कसं जमणार?

साधनं बनवणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. डीहेझ हा काही नुसता कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर नव्हे. चित्राच्या कुठल्या भागात धूसरपणा किती, याचा अंदाज बांधून त्याप्रमाणे कमी-जास्त ओढ देणारी ही साधनं असतात. या अंदाजाची सर्वांत गाजलेली रीत 2009 मध्ये काइमिंग हे या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली, ती डार्क चॅनल या नावाने ओळखली जाते. कल्पना सुंदर आहे. स्वच्छ हवेतल्या बाहेरच्या दृश्यात कुठलाही छोटा तुकडा घेतला तर त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एखादा रंग कुठेतरी शून्याजवळ असतो. सावली असते, गडद पान असतं, भडक फूल असतं. तो तसा नसेल, तिन्ही रंग वर उचललेले असतील, तर ती उचल हवेची. म्हणजे हे साधन अंतर मोजत नाही, पांढरटपणावरून ओळखतं. जे पांढरट ते लांबचं.

आणि बर्फ तर जन्मतःच पांढरा. बर्फात कुठलाच रंग शून्याजवळ नसतो, म्हणून असं साधन बर्फालाही दाट धूसरपणा समजून खेचतं. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये शिखरावरचा बर्फ शिशासारखा राखाडी का झाला होता, ते मला इथे उमगलं. जवळचा पांढरा कातळ असो की ढग, त्यांचीही हीच गत होते. (लाइटरूममध्ये 2015 साली आलेल्या डीहेझच्या आत नेमकं काय चालतं ते उघड केलेलं नाही, पण बर्फाशी तो वागतो तो असाच.)

मग मी मूळ फाइल पुन्हा उघडली आणि स्लायडरला हात न लावता आधी नुसती वाचली. कर्सर प्रत्येक रांगेतल्या सगळ्यात गडद सावलीवर नेऊन उजळपणाचे टक्के बघितले, 0 म्हणजे काळं आणि 100 म्हणजे पांढरं. पहिल्या रांगेत सुमारे 25, दुसरीत 47, तिसरीत 64, शिखराखालच्या कातळात 74. त्यामागचं आकाश 80. या आकड्यांकडे बघत मी बराच वेळ बसलो. खरं तर चारही ठिकाणच्या सावल्या जवळजवळ सारख्याच काळ्या असणार, कपारीतला काळोख कपारीतलाच. पण आपल्यापर्यंत येताना प्रत्येक काळोख अंतराप्रमाणे उजळत गेलाय. ही पायऱ्यांची रांग म्हणजेच अंतर. डोळा किलोमीटर मोजत नाही, तो या पायऱ्या चढतो.

त्याच चार जागा पहिल्या प्रिंटच्या फाइलमध्ये वाचल्या: 2, 14, 9, 38. तिसरी पायरी दुसरीच्या खाली गेलेली! मी लाडाने ब्रश घासलेली ती रांग आपल्या पुढच्या रांगेपेक्षा काळी झाली होती. मित्राचं बोट नेमकं तिथेच पडलं होतं, आणि त्याला टक्के वगैरे काही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खेपेला काम उलट्या बाजूने केलं. आधी सावल्या कुठे आणायच्या ते कागदावर लिहिलं: 8, 25, 43, 62. हे आकडे कुठल्या नियमातून आलेले नाहीत. पहिली रांग नीट काळी हवी, शिखर अजून हवेत तरंगायला हवं आणि मधल्या पायऱ्या साधारण सारख्या उंचीच्या हव्यात, एवढाच विचार होता. तुमच्या फाइलमध्ये ते वेगळे असतील. क्रम मात्र तोच राहायला हवा.

सुरुवात लेन्सच्या दुरुस्तीपासून. हे आधी का, ते पहिल्या प्रिंटने शिकवलं होतं. लेन्समुळे कोपरे जरासे काळवंडलेले असतात, एरवी कळतही नाही. डीहेझ सौम्य उतारालाच ताण देतो, त्यामुळे तो हा काळसरपणाही फुगवतो आणि आकाशाचे कोपरे मळके दिसू लागतात. सेन्सरवरच्या धुळीचंही तसंच. फिक्या आकाशात न दिसणारे ठिपके डीहेझनंतर गोवराच्या पुरळासारखे उठतात. म्हणून आधी डीहेझ मुद्दाम 100 वर नेऊन ठिपके शोधायचे, पुसायचे, आणि मग तो शून्यावर आणायचा. डीहेझ 100 वर नेण्याचा हाच एक सभ्य उपयोग मला माहीत आहे.

त्यानंतर अख्ख्या चित्रावर डीहेझ वापरलाच नाही. त्याऐवजी कर्व्हचं, म्हणजे मूळ उजेडाचा नवा उजेड ठरवणाऱ्या रेषेचं, डावं खालचं टोक तळाशीच ठेवून उजवीकडे सरकवलं, 0 ते 255 च्या मोजपट्टीवर 46 पर्यंत. या हालचालीत एक ठरावीक उजेड सगळीकडून वजा होतो आणि उरलेलं ताणलं जातं. सर्व रांगांवर जो किमान पडदा समाईक आहे, म्हणजे पहिल्या रांगेपुढचा, तेवढाच काढून टाकायचा. पहिल्या रांगेतली सावली 8 च्या आसपास आली आणि बाकीच्या आपसूक 35, 56, 68 वर उतरल्या. आकाश 76 वर. हा अर्धा प्रवास कडेलगत एकाही उजळ प्रभावळीशिवाय, कडा न दुखावता झाला, कारण कर्व्हला शेजारचा पिक्सेल कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

उरलेला भाग रांगेनिहाय. प्रत्येक रांगेचा मास्क, म्हणजे बदल जेवढ्या भागावर लागू व्हायचा तो भाग, हाताने रंगवला, आकाशाला स्पर्श न करता. वरून खाली उतरणारा ग्रेडियंट सोपा वाटतो, पण धूसरपणा चित्रातल्या उंचीप्रमाणे नसतो, अंतराप्रमाणे असतो. जवळच्या रांगेचा एखादा सुळका वर घुसला असेल तर ग्रेडियंट त्यालाही धुवून काढतो. दुसऱ्या रांगेवर डीहेझ 12, तिसरीवर 22. सावल्या 25 आणि 43 वर आल्या. शिखरावर डीहेझ नाही. बर्फ मास्कमधून वगळला आणि फक्त कातळाचा गडद भाग कर्व्हने 62 पर्यंत खाली ओढला.

शिखरावर जास्त का नाही ओढलं, याचं कारण फक्त अंतराची चाड हे नाही. हवेचा उजेड आपण वजा करू शकतो, पण त्या उजेडाबरोबर आलेला नॉइज, म्हणजे चित्रातला रवाळपणा, वजा होत नाही. प्रकाश थेंबाथेंबाने येतो, आणि पडद्याच्या प्रकाशातले चढउतार पडदा काढल्यावरही फाइलमध्ये तसेच मागे राहतात. मग उरलेल्या क्षीण डोंगराला 7 पट ताण दिला की नॉइजही 7 पट होतो. रवाळ, वाळू चिकटल्यासारखा दिसणारा लांबचा डोंगर हा बहुतेक वेळा शार्पनिंगचा नव्हे, या गुणाकाराचा बळी असतो. मी जेमतेम दुपटीहून थोडा अधिक ताण दिला. याहून जास्त हवं असेल तर तयारी कॅमेऱ्याजवळच करावी लागते. ट्रायपॉडवरून एकाच चौकटीचे 16 फोटो घेऊन त्यांची सरासरी काढली तर नॉइज चौथाईवर येतो. माझ्याकडे एकच होता.

जेपेग फाइलमध्ये तर हाही खेळ करता येत नाही. शिखराची सावली 74 आणि आकाश 80, म्हणजे अख्खं शिखर 6 टक्क्यांत मावलेलं. 256 पायऱ्यांच्या जेपेगमध्ये त्याच्या वाट्याला 15 छटा येतात. त्या ताणल्या की उतारांऐवजी नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच भागाला हजाराहून जास्त छटा मिळतात. मोबाइलवर त्याच जागेवरून काढलेल्या फोटोवर मी हा प्रयोग केला आणि पट्टे मोजता येतील इतके स्वच्छ दिसले.

रंगाकडे वळताना पहिल्या वेळची आणखी एक चूक सापडली. डीहेझने रंग गडद होतात, आणि लांबच्या सावल्यांत हवेचाच निळा असतो, त्यामुळे तिसरी रांग निळीजांभळी झाली होती. म्हणून या वेळी तिच्या मास्कमध्ये सॅच्युरेशन 12 ने कमी केलं. निळा पूर्ण मारला नाही. लांबचं जे गडद असतं ते निळं दिसायलाच हवं. पण लांबच्या बर्फाची गोष्ट उलटी आहे. बर्फाकडून येणाऱ्या उजळ प्रकाशातला निळा भाग वाटेत जास्त विखुरतो, म्हणून दूरचा बर्फ किंचित पिवळसर, उबदार दिसतो. पहिल्या वेळी मी तो पिवळसरपणा दोष समजून काढला होता आणि शिखर थंड, पांढरं, कापून चिकटवल्यासारखं झालं होतं. या वेळी तो तसाच राहू दिला.

आता लोकल कॉन्ट्रास्ट. मोह खरा इथेच होतो, कारण क्लॅरिटीने दगडाला लगेच दगडपण येतं. पण ती काय करते ते पाहिलं तर हात आवरतो. ती प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या आसपासच्या सरासरीशी करते आणि फरक वाढवते. गडद रांग आणि उजळ आकाश जिथे भेटतात, तिथे 'आसपास' म्हणजे अर्धा डोंगर आणि अर्धं आकाश. मग कडेलगतचा डोंगर जास्त काळा होतो आणि कडेलगतचं आकाश जास्त उजळ. हीच ती प्रभावळ. तिची रुंदी जितकी 'आसपास' मोठी तितकी. चांगली साधनं कड ओळखून ती आवरतात, पण धूसर रांगेची कड मुळातच मऊ असते, तिथे त्यांचीही फसगत होते.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे दोन वेगळे मास्क. डीहेझचा मास्क रांगेच्या कडेपर्यंत अगदी चिकटून जायला हवा. तो आत राहिला तर कडेला न काढलेल्या धूसरपणाची फिकट किनार उरते, आणि लोक तिलाही प्रभावळ समजून भलत्याच स्लायडरला दोष देतात. लोकल कॉन्ट्रास्टचा मास्क मात्र कडेपासून आत थांबायला हवा, आणि मऊ पिसाऱ्याने विरत जायला हवा. एकच मास्क दोन्हींना वापरला तर यांपैकी एक चूक होतेच. आपण कुठली चूक करतोय हे ओळखायचं असेल तर 100 टक्क्यांवर कडेकडे पाहावं. उजळ पट्टी कडेच्या बाहेर, आकाशात असेल तर लोकल कॉन्ट्रास्ट जास्त झालाय. आत, डोंगरावर असेल तर डीहेझचा मास्क अपुरा पडलाय.

शिवाय लांबच्या रांगेत बारीक तपशील मुळात पोचलेलाच नसतो. 20 किलोमीटर हवेच्या हेलकाव्यातून येताना झाडं आधीच विरघळलेली असतात. तिथे टेक्स्चर वाढवणं म्हणजे नॉइज कोरणं. तिथे कामाला येतो तो मोठ्या मापाचा कॉन्ट्रास्ट: घळ आणि सोंड यांच्यातला, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यातला. मी क्लॅरिटी सोडून जुनाच अनशार्प मास्क वापरला. 6000 पिक्सेल रुंद चित्राला त्रिज्या 60, मात्रा 15 टक्के, थ्रेशोल्ड 0, वेगळ्या थरावर आणि फक्त उजळपणापुरता, म्हणजे रंग भडकत नाहीत. तोही दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेतच. पहिलीला गरज नव्हती. शिखराला होती, पण परवडणारी नव्हती. तिसऱ्या रांगेत टेक्स्चर उलट 10 ने कमी केलं.

शेवटी चित्र कृष्णधवल करून टपाल तिकिटाएवढं लहान करून पाहिलं. त्या आकाराला तपशील भुलवत नाही, फक्त चार पट्ट्या उरतात. काळी, करडी, फिकी, त्याहून फिकी. सावल्या पुन्हा वाचल्या: 8, 25, 43, 62. मूळ फाइलशेजारी ठेवलं तर खूप काही बदललेलं दिसत होतं. पहिल्या प्रिंटशेजारी ठेवलं तर अर्धवट सोडल्यासारखं.

दुसरा प्रिंट मित्राला दाखवला तेव्हा त्याने अंतराबद्दल काही म्हटलं नाही. "त्या दिवशी किती गार वारा होता रे," एवढंच म्हणाला आणि दुसरं काही बोलायला लागला.

एक गोष्ट त्याला सांगायची राहून गेली. धुळीचे ठिपके शोधताना डीहेझ 100 वर नेला होता ना, तेव्हा शिखराच्या डावीकडच्या खिंडीत, आकाशाला टेकून, एक पाचवी रेघ उमटली होती. आधी वाटलं, पट्टा असेल, नॉइज असेल. नकाशावर खिंडीतून रेघ ओढून पाहिली. 70 किलोमीटरवर खरोखर एक डोंगररांग आहे. तिच्या प्रकाशाचा जेमतेम 3 टक्के भाग माझ्यापर्यंत आला होता. स्लायडर शून्यावर आणला तशी ती पुन्हा आकाशात मिसळली. प्रिंटमध्ये ती नाही. कधीतरी संध्याकाळी भिंतीवरच्या त्या खिंडीकडे बघताना मी ती उगाच शोधतो.